विश्लेषण : परदेशात फोनचा चार्जर चालेल का? अडॅप्टर पुरेसा की कन्व्हर्टरही हवा?

परदेशवारीच्या बॅगेत फोनचा चार्जर सगळ्यात शेवटी पडतो आणि हॉटेलच्या खोलीत पोहोचल्यावर सगळ्यात आधी लागतो. तिथे भिंतीवरचे सॉकेट वेगळेच निघते. मग ऐन वेळी विमानतळावरच्या दुकानातून मिळेल तो अडॅप्टर किंवा कन्व्हर्टर चढ्या किमतीला घेतला जातो. या दोन वस्तूंमधला फरक माहीत नसेल तर पैसे वाया जातात आणि कधी कधी उपकरणही जळते.

अडचण नेमकी किती प्रकारची असते?

दोन प्रकारची, आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. पहिली अडचण आकाराची. आपल्याकडे गोल पिनांचे प्लग आहेत. ब्रिटन, दुबई, सिंगापूर, मलेशिया येथे तीन जाड चौकोनी पिनांचा प्लग लागतो. अमेरिका आणि जपानमध्ये दोन चपट्या, समांतर पिना असतात, तर ऑस्ट्रेलियात चपट्या पण तिरक्या. दुसरी अडचण व्होल्टेजची. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. युरोप, ब्रिटन, आखाती देशांपैकी अमिराती, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया येथेही ती साधारण तेवढीच असते. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तर जपानमध्ये १०० व्होल्ट असते. म्हणजे दुबईला जाणाऱ्याची अडचण फक्त आकाराची, अमेरिकेला जाणाऱ्याची आकार आणि व्होल्टेज अशी दोन्ही.

मग फोनचा चार्जर अमेरिकेत कसा चालतो?

चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ असे लिहिलेले असते. त्यापुढे ‘१००-२४० व्ही, ५०/६० हर्ट्झ’ असे दिसले, तर तो चार्जर या टप्प्यातल्या कुठल्याही विजेवर चालतो. आजच्या बहुतेक फोन, लॅपटॉप आणि कॅमेऱ्यांच्या चार्जरवर हेच लिहिलेले आढळते.

हे कसे साधते? असा चार्जर भिंतीतून येणारी एसी वीज आधी डीसी करून घेतो. मग आतला इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो. बाहेर किती व्होल्ट पडत आहेत यावर एक सर्किट सतत लक्ष ठेवते. आत येणारा दाब कमी असेल तर स्विच जास्त वेळ चालू राहतो, जास्त असेल तर कमी वेळ. त्यामुळे भिंतीत १२० व्होल्ट असोत की २३०, फोनला ठरलेले ५ किंवा ९ व्होल्टच मिळतात. चार्जिंगचा वेगही देशानुसार बदलत नाही. तो चार्जरवर ‘आउटपुट’पुढे लिहिलेल्या आकड्यांवर आणि केबलवर ठरतो.

अडॅप्टर आणि कन्व्हर्टर यांत फरक काय?

ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त आकार बदलतो. एका बाजूला आपली पिन आत जाते, दुसऱ्या बाजूने त्या देशाची पिन बाहेर येते. आत शिरलेले १२० व्होल्ट १२० म्हणूनच बाहेर पडतात. व्होल्टेज कन्व्हर्टर दाब बदलतो, म्हणजे १२०चे २३० करतो किंवा उलट.

‘१००-२४०’ लिहिलेल्या चार्जरला कन्व्हर्टरची गरजच नाही. उलट तो काही वेळा धोक्याचा ठरतो. केस वाळवण्याच्या यंत्रासारख्या, फक्त तापणाऱ्या उपकरणांसाठी काही हलके, स्वस्त कन्व्हर्टर मिळतात. ते विजेची लाट मधूनमधून कापून दाब कमी करतात. तापणाऱ्या तारेला त्याने फरक पडत नाही, पण अशा तुटक लाटेवर चार्जर तापू शकतो आणि बिघडूही शकतो. म्हणून ‘जास्त सुरक्षित’ म्हणून फोन कन्व्हर्टरवर लावणे चूक आहे.

पुण्याहून न्यू जर्सीला जाणाऱ्या बॅगेत काय चालेल?

समजा, सहा महिन्यांसाठी मुलाकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत फोनचा चार्जर, लॅपटॉप, १५०० वॉटची इलेक्ट्रिक किटली आणि ७५० वॉटचा मिक्सर आहे. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००-२४०’ आहे, त्यांना साधा अडॅप्टर पुरे.

किटलीवर मात्र फक्त २३० व्होल्ट लिहिले आहेत. अडॅप्टर लावून ती अमेरिकेत सुरू केली तर जळणार नाही, पण पाणीही लवकर उकळणार नाही. दाब निम्म्यावर आला की तापणाऱ्या उपकरणाची शक्ती निम्मी नव्हे, जवळपास पावपट होते. १५०० वॉटची किटली १२० व्होल्टवर सुमारे ४०० वॉटच घेते. इथे पाच मिनिटांत होणाऱ्या चहाच्या पाण्याला तिथे वीस मिनिटे लागतील.

मिक्सर अडॅप्टरवर लावला तर जेमतेम फिरेल, वाटणात अडकेल आणि अडकलेली मोटर तापेल. त्याला व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही ७५० वॉटपेक्षा बऱ्याच जास्त क्षमतेचा, कारण सुरू होताना मोटर जास्त वीज खेचते. असा ट्रान्सफॉर्मर कित्येक किलो भरतो. त्यापेक्षा तिथे चालणारा मिक्सर घेणे सोयीचे पडते.

परतीच्या प्रवासात धोका उलटा आणि मोठा असतो. फक्त १२० व्होल्टचा अमेरिकी हेअर ड्रायर भारतात अडॅप्टरने लावला, तर तो ठरलेल्या शक्तीच्या साडेतीनपटींहून जास्त वीज खेचू पाहतो आणि काही क्षणांत जळतो. अडॅप्टर त्याला वाचवू शकत नाही.

अडॅप्टर घेताना आणि वापरताना काय पाहावे?

अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. फोनच्या चार्जरला एक अँपिअरही लागत नाही, पण ६ अँपिअरचा अडॅप्टर अमेरिकेत ७२० वॉटपर्यंतच योग्य. इस्त्री, किटली त्यावर लावू नये. तीन पिनांच्या लॅपटॉपसाठी अर्थिंगची पिन असलेला अडॅप्टर घ्यावा. ती नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागताच बारीक झिणझिण्या जाणवू शकतात.

युरोपातील अनेक देशांत आपल्या चार्जरची दोन गोल पिन सॉकेटच्या भोकांत जाते, पण तिथले सॉकेट खोलगट असते. चार्जर रुंद असेल तर तो कडेला अडतो किंवा अर्धवट बसतो. ब्रिटन-दुबईच्या सॉकेटची भोके आतून झाकलेली असतात आणि वरची अर्थिंगची पिन शिरल्यावरच उघडतात. तिथे पेन किंवा काडी खुपसून दोन पिनांचा चार्जर दामटण्याची सवय अनेकांना असते. त्यात सुरक्षेचे झाकणच निकामी होते आणि ढिला बसलेला प्लग तापत राहतो. तडतड आवाज, ठिणगी, करपल्यासारखा वास किंवा चटका बसेल इतका गरम अडॅप्टर ही ढिल्या जोडणीची लक्षणे. अशा वेळी सॉकेटचे बटण असल्यास ते आधी बंद करून प्लग काढावा आणि दुसरे सॉकेट किंवा दुसरा अडॅप्टर वापरावा.