इन्स्टावर झकास, कागदावर फिकं: एकच फोटो दोनदा एक्सपोर्ट का करायचा?

समजा, पनवेलच्या एखाद्या मंडळासाठी तुम्ही फोटो जोडून डिझाइन बनवलंय: मागे कर्नाळ्याचा सुळका, पुढे बाप्पा, वर झगझगीत भगव्या अक्षरांत नाव. इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५० पिक्सेलची जेपीईजी काढली. मस्त दिसतेय.

आता तीच फाइल ए४ पत्रकासाठी दिली तर? ए४ची रुंदी ८.२७ इंच. म्हणजे इंचाला जेमतेम १३० पिक्सेल आले. हातात धरून वाचायच्या कागदाला साधारण ३०० लागतात, म्हणून अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. सेटिंगमध्ये नुसतं ३०० टाकून तपशील वाढत नाही! त्यामुळे सुरुवातच २४८० × ३५०८ च्या कॅनव्हासवर करा आणि इन्स्टासाठी त्यातून क्रॉप करून लहान कॉपी काढा.

रंगाचा घोळ वेगळा. स्क्रीन प्रकाश मिसळते, प्रेस शाई. तो झगझगीत भगवा चार शाईंच्या सीएमवायके छपाईत बसतच नाही, मळकट होतो. वेबसाठी एसआरजीबी ठेवा. छपाईसाठी प्रेसवाल्या दादांना आधीच विचारा, कोणता प्रोफाइल हवाय. बऱ्याच मोबाइल ॲपमध्ये सीएमवायके नसतंच. मग एसआरजीबीतलीच पीएनजी किंवा पीडीएफ द्या, रूपांतर त्यांच्याकडे होऊ दे, आणि सगळा गठ्ठा छापण्याआधी एक प्रत बघून घ्या.

हो, आणि व्हॉट्सॲपवर ती फाइल फोटो म्हणून पाठवू नका, पिक्सेल कमी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.