चॉकलेट, नोबेल आणि तेवीस ठिपके

स्कॅटर प्लॉट म्हणजे ठिपक्यांचा आलेख. प्रत्येक ठिपक्याला दोन मापे असतात, एक आडव्या अक्षावर आणि दुसरे उभ्या अक्षावर. ठिपका एखादा विद्यार्थी असेल, एखादे शेत असेल किंवा एखादा देश. दोन मापे एकमेकांच्या सोबतीने वाढतात की घटतात हे असा आलेख चटकन दाखवतो. ती तशी का वाढतात, हे मात्र त्यात कुठेच लिहिलेले नसते. मोबाइलवर फिरत आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये अडचण आणखी वाढते, कारण मूळ आकडे हाताशी नसतात आणि चित्राखालची टीपही बहुतेक वेळा कापली गेलेली असते.

अशा वाचनाच्या सरावासाठी फ्रान्झ मेसर्ली यांचा आलेख उत्तम आहे. हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या मेसर्लींनी तो 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात छापला. आडव्या अक्षावर देशातील दरडोई वार्षिक चॉकलेट-सेवन किलोग्रॅममध्ये आहे, तर उभ्या अक्षावर दर एक कोटी लोकसंख्येमागे नोबेल विजेत्यांची संख्या. देश 23 आहेत आणि ठिपक्यांच्या जागी त्यांचे चिमुकले ध्वज लावले आहेत. लेखाचा सूर मिश्कील होता आणि आपण रोज चॉकलेट खातो हेही लेखकाने त्यात जाहीर करून टाकले होते. बातम्यांतून फिरताना हा मिश्कीलपणा बराचसा गळून पडला.

वाचन अक्षांपासून सुरू होते. येथे दोन्ही मापे लोकसंख्येने भागलेली आहेत, हे आधी पाहावे लागते. ती तशी नसती, तर मोठा देश दोन्ही बाबतींत मोठा आणि छोटा देश दोन्ही बाबतींत छोटा दिसला असता, आणि आलेखाने प्रत्यक्षात फक्त लोकसंख्याच मोजली असती. अक्ष शून्यापासून सुरू होतो का, त्यावरची अंतरे समान आहेत का, हेही येथेच तपासले जाते.

यानंतर ठिपक्यांचा कल पाहायचा. मेसर्लींच्या आलेखात डाव्या कोपऱ्यात खाली चीन, जपान, ब्राझील आहेत आणि उजवीकडे वर स्वित्झर्लंड. मधले देश ढोबळमानाने याच तिरक्या पट्ट्यात पसरलेले आहेत. म्हणजे सहसंबंध धन आहे. त्याचे बळ ठरवताना पट्टा किती अरुंद आहे ते बघतात. सगळे ठिपके एका रेषेवर बसले तर सहसंबंध गुणांक 1 येतो, गोलसर ढग दिसला तर तो शून्याजवळ असतो. या आलेखात तो 0.791 आहे, म्हणजे चांगलाच मोठा.

डोळ्यांनी केलेला हा अंदाज सहज फसतो. विल्यम क्लीव्हलंड, पर्सी डायकोनिस आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1982 साली दाखवून दिले, की अक्षांची व्याप्ती वाढवून तोच ढग चौकटीत आक्रसला आणि भोवती मोकळी जागा सोडली, की लोकांना सहसंबंध अधिक बळकट वाटतो. आकडे तेच, गुणांक तोच. त्यामुळे स्क्रीनशॉटमधल्या कोऱ्या जागेकडे दुर्लक्ष करून ढगाचा आकारच पाहणे बरे. रेष आधीच आखलेली असेल तर ती मनाने पुसून पाहावी. रेष दिसली की विखुरलेले ठिपकेही तिच्याभोवती गोळा झाल्यासारखे भासतात.

पट्ट्याबाहेर उडालेला ठिपका म्हणजे आउटलायर. या आलेखात तो मान स्वीडनचा. दरडोई 6.4 किलो चॉकलेटच्या हिशेबाने तेथे एक कोटीमागे साधारण 14 विजेते अपेक्षित होते, प्रत्यक्षात आहेत सुमारे 32. स्वीडन वगळले की गुणांक 0.862 होतो. म्हणजे हा ठिपका संबंध कमकुवत करत होता. असे घडते, कारण तो आडव्या अक्षावर साधारण मध्यावर आहे आणि फक्त उंचीने वेगळा आहे. ढगापासून दूर, अगदी टोकाच्या कोपऱ्यात एकटा असलेला ठिपका याच्या उलट काम करू शकतो. तो एकटाच रेष आपल्याकडे खेचतो आणि नसलेला संबंध उभा करतो. म्हणून आउटलायर दिसला की तो कोणत्या दिशेने दूर आहे ते पाहायचे आणि बोटाने झाकून उरलेल्या ठिपक्यांचा कल टिकतो का ते बघायचे. मात्र तो नकोसा आहे म्हणून कायमचा वगळायचा नसतो. बहुतेक नोबेल पारितोषिके स्टॉकहोममध्येच ठरतात, तेव्हा समिती घरच्यांना झुकते माप देत असेल का, असा चिमटा मेसर्लींनीही काढला होता. आलेख त्याचा निवाडा करू शकत नाही, पण चौकशी कुठे करावी हे दाखवतो.

पुंजक्यांचा भाग अधिक मोलाचा आहे, आणि नेमका तोच घाईत सुटतो. डावीकडे खाली कमी चॉकलेट आणि कमी पारितोषिके असलेल्या देशांचा एक दाट घोळका आहे. उजवीकडे आठ ते बारा किलोंच्या दरम्यान डेन्मार्क, आयर्लंड, नॉर्वे, ब्रिटन, ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड असा दुसरा, विरळ घोळका. डावी बाजू झाकून फक्त हे सात देश पाहिले, तर तिरकी रेष जवळजवळ नाहीशी होते. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांचे चॉकलेट-सेवन साधारण सारखेच, बारा किलोंच्या आसपास. तरी जर्मनीतील विजेत्यांचे प्रमाण स्वित्झर्लंडच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे 0.791 या आकड्यातला बराच वाटा दोन घोळक्यांमधल्या अंतराचा आहे. येथे एक सावधगिरी हवी. आडव्या अक्षाचा छोटाच तुकडा घेतला की कोणताही संबंध फिका दिसतो आणि सात ठिपके तसे फारच थोडे. तेव्हा संबंध नाहीच असे म्हणता येत नाही. तो घोळक्याच्या आत दिसत नाही, इतकेच म्हणता येते.

घोळके दिसले, की त्यांतले सभासद आणखी कशात सारखे आहेत हा प्रश्न आपोआप येतो. उजवीकडचे देश श्रीमंत आहेत. जुनी विद्यापीठे, संशोधनावरचा खर्च आणि चैनीच्या खाण्यावरचा खर्च, तिन्ही संपत्तीसोबत वाढू शकतात. पण डावीकडे जपानही आहे, जो श्रीमंत असून चॉकलेट कमी खातो. त्यामुळे संपत्ती हेही एक संभाव्य स्पष्टीकरणच राहते, आलेखाने सिद्ध केलेली गोष्ट नव्हे.

घसरण होते ती शब्दांत. ‘जास्त चॉकलेट खाणाऱ्या देशांत दरडोई नोबेल विजेतेही जास्त आढळतात’ हे वाक्य आलेखात दिसते तेवढेच सांगते. ‘चॉकलेटमुळे’, ‘चॉकलेट वाढवल्यास’ असे म्हणताच आलेखाबाहेर पाऊल पडते. मेसर्लींनी रेषेच्या चढावरून हिशेब मांडला होता, की एक कोटीमागे एक विजेता वाढवण्यासाठी दरडोई वर्षाला सुमारे 0.4 किलो जादा चॉकलेट लागेल. तो हिशेब रेषेच्या चढाचे वर्णन म्हणून ठीक. उपाय म्हणून वाचला तर विनोद. पारितोषिके 1901 पासूनची मोजलेली आहेत, चॉकलेटचे आकडे मात्र 2002 ते 2011 या काळातले. परिणाम आधी आणि कारण नंतर, असा हा प्रकार होतो. शिवाय प्रत्येक ठिपका देशाची सरासरी आहे. एकाही नोबेल विजेत्याने किती चॉकलेट खाल्ले याची नोंद त्यात नाही, आणि हेही मेसर्लींनी त्याच लेखात लिहून ठेवले आहे.