उणे ऐंशी अंशांचा हिशेब

लशी किंवा रक्तद्रव साठवणाऱ्या डीप-फ्रीझरच्या आत पेन्सिलपेक्षा बारीक अशी स्टीलची एक नळी बसवलेली असते. तिच्या टोकाला प्लॅटिनमचा छोटासा रोधक असतो आणि शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रोध बरोबर १०० ओहम भरतो. म्हणून या सेन्सरला पीटी-१०० म्हणतात. तापमान वाढलं की रोध वाढतो, उतरलं की घटतो. सेन्सर दरवर्षी किंवा दोन वर्षांनी कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेत जातो. तिथे तो आणि एक खात्रीचा संदर्भ-तापमापक एकाच द्रवकुंडात शेजारी बुडवतात. सेन्सरचा रोध मोजायचा, त्यावरून तापमान काढायचं आणि संदर्भाच्या आकड्याशी ताडून पाहायचं. जो फरक पडेल तो प्रमाणपत्रावर छापला जातो.

यातलं ‘रोधावरून तापमान काढायचं’ हे काम बहुतेक ठिकाणी एक एक्सेल शीट करतं. कुणी तरी जाणत्या माणसाने ते कधी काळी बनवलेलं असतं. पुढे तो माणूस नोकरी बदलतो, शीट मात्र चालू राहतं. कुंड, ब्रिज, संदर्भ-तापमापक या सगळ्यांची वेळच्या वेळी तपासणी होते. शीट मात्र कुणी तपासत नाही, कारण ‘एक्सेल कशाला चुकेल?’

प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक, ज्याच्या आधारे आपल्याकडे एनएबीएल मान्यता देते, याबाबत स्पष्ट आहे. बाजारात मिळणारं, सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर त्याच्या ठरल्या कामापुरतं तपासलेलं मानायला हरकत नाही. पण त्यात तुम्ही स्वतः लिहिलेली सूत्रं ही तुमची जबाबदारी. वापरात आणण्याआधी ती पडताळायची, आणि बदल केला तर पुन्हा पडताळायची. एक्सेलला बेरीज येते यात शंका नाही. प्रश्न असा आहे, की आपण त्याला योग्य तीच बेरीज सांगितली आहे का.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, एका प्रयोगशाळेच्या शीटमध्ये तापमान काढणारं सूत्र असं आहे:

```
=(-A+SQRT(A^2-4*B*(1-R/R0)))/(2*B)
```

इथे `R` हा मोजलेला रोध, `R0` हा शून्य अंशाचा रोध, आणि `A`, `B` हे आयईसी ६०७५१ या मानकातले गुणांक: ३.९०८३ × १०⁻³ आणि −५.७७५ × १०⁻⁷. शीटमध्ये अक्षरांच्या जागी अर्थातच सेलचे पत्ते असतात. शाळेत वर्गसमीकरण सोडवलेल्या कुणालाही हे सूत्र ओळखू येईल.

आता ते तपासायचं कसं? चाचणीसाठी अशी माहिती हवी, जिचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, आणि ते उत्तर शीटच्या बाहेरून आलेलं हवं. नव्या शीटचा ताळा जुन्या शीटशी जुळवून ‘बरोबर आलं’ म्हणणं ही फार प्रचलित सवय आहे आणि ती निरुपयोगी आहे, कारण नवं शीट बहुधा जुन्याचीच नक्कल असतं. पीटी-१०० साठी बाहेरचा आधार सहज मिळतो. मानकातच छापील तक्ता आहे: ० अंशाला १००.०० ओहम, १०० अंशाला १३८.५१, २०० अंशाला १७५.८६. तक्त्यातले आकडे दोनच दशांशांचे असल्यामुळे मानकातल्या समीकरणाने ते चार दशांशांपर्यंत हाताने काढून घ्यावेत. किती फरक चालेल तेही शीट उघडण्याआधी लिहून ठेवायचं. इथे ०.००१ अंश धरू. आधी उत्तर पाहिलं की ‘एवढं चालतंय’ म्हणण्याचा मोह होतो.

आपलं सूत्र ०, १०० आणि २०० अंशांना अचूक उत्तर देतं. उणे बाजूची एक चाचणी हवी म्हणून कुणी −२० अंश घेतं. रोध ९२.१५९९ ओहम, शीटवर दिसतं −२०.००. सगळं हिरवं, सही, फाइल बंद.

चूक मात्र आत तशीच आहे. शून्याच्या खाली प्लॅटिनमचा रोध वर्गसमीकरणाने पुरेसा वर्णन होत नाही. तिथे मानकात `C` हा तिसरा गुणांक येतो आणि त्याच्यासोबत तापमानाचा घन व चौथा घात. हे पद शून्याजवळ नगण्य असतं, खाली उतरावं तसं झपाट्याने वाढतं. −२० अंशाला ते गाळल्यामुळे होणारी चूक सुमारे ०.००१ अंश, म्हणजे दोन दशांशांत ती दिसतच नाही. −४० ला ती ०.०१ अंशाच्या घरात जाते. −८० ला, जिथे हा फ्रीझर प्रत्यक्ष चालतो, खरा रोध ६८.३२५४ ओहम असताना शीट सांगतं −८०.१०. सेन्सरमध्ये काहीच दोष नसताना त्याच्या माथी दशांश अंशाची चूक मारली जाते. प्रयोगशाळा प्रमाणपत्रावर ०.०६ अंशाची अनिश्चितता छापत असेल, तर ही चूक तिच्याही बाहेर पडते.

म्हणून चाचण्या किती केल्या यापेक्षा त्या कुठे केल्या हे मला महत्त्वाचं वाटतं. शीट ज्या पल्ल्यात वापरलं जाणार त्याची दोन्ही टोकं घ्यायची. जिथे सूत्र बदलतं तो सांधा, म्हणजे इथे शून्य, दोन्ही बाजूंनी जवळून तपासायचा. चाचणी ज्याने शीट लिहिलं त्याने ठरवू नये, कारण जे त्याला सूत्र लिहिताना सुचलं नाही ते चाचणी ठरवतानाही सुचणार नाही.

दुरुस्ती अवघड नाही. शून्याखाली समीकरण सरळ सुटत नाही, म्हणून आधी वर्गसूत्राने अंदाज काढायचा, त्या अंदाजाला पूर्ण समीकरणाने किती रोध यायला हवा ते पाहायचं, आणि जो फरक येईल त्याला त्या ठिकाणच्या ओहम-प्रति-अंश उताराने भागून अंदाज सुधारायचा. −८० च्या उदाहरणात उतार सुमारे ०.४०२ ओहम प्रति अंश आहे, आणि एकाच फेरीत उत्तर −८०.००० वर येतं.

दुसरी चाचणी सरासरीची आणि विचलनाची. प्रत्येक तापमानाला पाच रीडिंग घेतात. इथे खरी रीडिंग न घालता १, २, ३, ४, ५ घालावीत. सरासरी ३. नमुन्याचं प्रमाण विचलन १.५८, हे कागदावर दोन ओळींत निघतं. शीटने १.४१ दाखवलं, तर कुणी तरी `STDEV.S` ऐवजी `STDEV.P` वापरलं आहे आणि अनिश्चितता दरवेळी कमी छापली जात आहे. मग मुद्दाम चुकीची नोंद करायची: एका रीडिंगमध्ये दोन दशांशचिन्हं टाकायची. एक्सेल त्या नोंदीला आकडा न मानता मजकूर मानतं, आणि `AVERAGE` ती निमूटपणे वगळून उरलेल्या चारांची सरासरी देतं. कुठेही लाल खूण नाही. म्हणून सूत्रातच मोजणी घालावी लागते:

```
=IF(COUNT(B5:B9)=5, AVERAGE(B5:B9), "रीडिंग तपासा")
```

सूत्रं एकदा तपासली की ती हलू नयेत म्हणून कुलूप. एक्सेलमध्ये प्रत्येक सेलवर `Locked` ही खूण मुळातच असते, पण `Protect Sheet` दिल्याशिवाय तिचा काही परिणाम होत नाही. म्हणून क्रम असा: ज्या सेलमध्ये रीडिंग भरायची तेवढ्यांची खूण काढायची, त्यांना पिवळा रंग द्यायचा, आणि मग शीटला पासवर्ड लावायचा. गुणांकांचे सेल लॉकच राहिले पाहिजेत. `A` हा ‘भरायचा आकडा’ समजून उघडा ठेवलेली शीटं असतात आणि एका चुकीच्या कळीने पुढची सगळी कामं बिघडतात.

पण कुलपाच्या मर्यादा कळायला हव्यात. हा पासवर्ड चुकून होणाऱ्या बदलांपासून वाचवतो. जाणूनबुजून बदलणाऱ्याला तो थोपवत नाही. आणि चुकून होणारा एक बदल त्याच्याही हातून निसटतो. समजा, ऑपरेटरने एक रीडिंग चुकीच्या पिवळ्या सेलमध्ये टाकलं आणि `Ctrl+X` करून ते शेजारच्या पिवळ्या सेलमध्ये हलवलं. दोन्ही सेल उघडे, त्यामुळे एक्सेल अडवत नाही. पण पहिल्या सेलकडे बोट दाखवणारं लॉक केलेलं सूत्र आता नव्या जागेकडे बोट दाखवू लागतं, आणि दुसऱ्या सेलवर अवलंबून असलेल्या सूत्रात `#REF!` येतं. `#REF!` दिसलं तर बरंच, निदान कळतं. सूत्राने गुपचूप जागा बदलली तर कळत नाही. उपाय दोन. रीडिंग हलवायचं नाही, पुसून पुन्हा टाइप करायचं, ही सक्त सूचना शीटच्या माथ्यावर. आणि प्रत्येक काम मूळ प्रतीपासून नव्याने सुरू करायचं. कालच्या भरलेल्या शीटवर आजची रीडिंग टाकली, तर कालचं बिघडलेलं सूत्र आजही चालतं.

मूळ प्रत म्हटली की आवृत्तीचा प्रश्न येतो. ती एकाच ठिकाणी, फक्त वाचता येईल अशा फोल्डरमध्ये असावी. तिच्यावर ‘आवृत्ती ०४’ असं लिहिलेलं असावं, आणि तोच आकडा आपोआप प्रमाणपत्राच्या तळाशीही छापला जावा. आत एक पान बदलांच्या नोंदीचं: काय बदललं, का, कुणी, कुणी तपासलं, कोणत्या चाचण्या पुन्हा चालवल्या. ‘किरकोळ दुरुस्ती’ ही नोंद मला मान्य नाही. ‘शून्याखाली `C` गुणांक समाविष्ट, सेल F5 ते F9, −८०, −४०, −०.०१, ०.०१ अंशांना चाचणी’ ही नोंद झाली. मूळ फाइल बदलली गेली नाही याची खात्री करायला विंडोजमध्येच सोय आहे:

```
certutil -hashfile RTD_04.xlsx SHA256
```

यातून निघणारी अक्षरांची लांब ओळ मंजुरीच्या कागदावर उतरवून ठेवायची. फाइलमध्ये काहीही बदल झाला तर ही ओळ पूर्ण बदलते. भरलेल्या शीटला ही कसोटी लागू नाही, कारण ती बदलणारच. ही फक्त कोऱ्या मूळ प्रतीसाठी. आणि नवी आवृत्ती आली त्या दिवशी प्रत्येक टेबलवरच्या संगणकात जाऊन ‘०३’ शोधून काढून टाकावी लागते. डेस्कटॉपवर सोयीसाठी ठेवलेली प्रत हा या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा.

आवृत्तीच्या आकड्याची किंमत चूक सापडते तेव्हा कळते. आपल्या उदाहरणात पहिला प्रश्न असेल: ०३ ने किती प्रमाणपत्रं दिली आणि त्यांतली किती −४० च्या खालची? आकडा छापलेला असेल तर यादी तासाभरात होते. नसेल, तर सगळीच प्रमाणपत्रं संशयित धरावी लागतात. यादीतल्या प्रत्येक कामाच्या शीटमध्ये ओहममधली मूळ रीडिंग जपलेली असतील, तर सेन्सर परत मागवावा लागत नाही. तीच रीडिंग ०४ मध्ये भरायची आणि नवं उत्तर जुन्याशेजारी ठेवायचं. जिथे निकाल बदलतो तिथे ग्राहकाला लेखी कळवायचं आणि सुधारित प्रमाणपत्र द्यायचं. ते कोणत्या क्रमांकाच्या प्रमाणपत्राऐवजी आहे आणि काय बदललं, हे त्यावर लिहायचं.