कोलेस्टेरॉलचे गुणोत्तर आणि वजाबाकी

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये खालच्या ओळीत एक गुणोत्तर छापलेले असते: एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल. धमन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल वाढले की धोका वाढतो, एचडीएल कमी असले तरीही वाढतो. या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात येतात, म्हणून पुढच्या दहा वर्षांतल्या हृदयविकाराचा अंदाज बांधायला हे गुणोत्तर सोयीचे पडते. ब्रिटनमधील ‘क्यूरिस्क’ ही गणनपद्धती तेच वापरते. त्यासाठी उपाशीपोटी रक्त देण्याचीही सहसा गरज नसते.

अडचण उपचार ठरवताना येते. एकाचे एकूण कोलेस्टेरॉल १५० आणि एचडीएल ३०, दुसऱ्याचे २५० आणि ५०. दोघांचेही गुणोत्तर ५. पण एकूणमधून एचडीएल वजा केले, की पहिल्याचे नॉन-एचडीएल १२० आणि दुसऱ्याचे २०० मिलिग्रॅम भरते. एलडीएल, व्हीएलडीएल असे धमन्यांत शिरणारे सगळे कण या वजाबाकीत मोजले जातात आणि स्टॅटिनने कमी करायचा असतो तो हाच साठा. दुसऱ्याकडे तो कितीतरी जास्त आहे, हे भागाकारात दिसतच नाही.

शिवाय छेद वाढला की गुणोत्तर आपोआप ‘सुधारते’. टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवले, तरी मृत्यू वाढल्याने २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. म्हणून धोक्याच्या अंदाजाला गुणोत्तर चालेल; औषध लागू पडते आहे का, हे मात्र नॉन-एचडीएलवरूनच पाहावे.