अमूलचा मालक कोण?

गुजरातमधल्या आणंदच्या शाळेत 'आपल्या गावातला उद्योग' असा विषय दिला, तर निम्मी मुलं अमूलच निवडतील. स्थापना, उत्पादनं, मालकी अशा तीन मथळ्यांखाली माहिती जमवायची. पहिले दोन भाग सोपे वाटतात, तिसऱ्याशी गाडी अडते. मालकाचा फोटो कुठला लावायचा? बरीच मुलं वर्गीस कुरियन यांचा लावून मोकळी होतात आणि तिथेच चुकतात.

स्थापनेच्या भागातही कुरियन पहिल्या पानावर येत नाहीत. ते आणंदला आले 1949 साली. दूध संघाची नोंदणी त्याआधीच, 14 डिसेंबर 1946 रोजी झाली होती. भांडण होतं मुंबईच्या दुधाचं. मुंबईला दूध पुरवण्याचं काम पोल्सन या खासगी डेअरीकडे होतं आणि खेडा जिल्ह्यातलं दूध तिच्या कंत्राटदारांमार्फत गोळा होई. मुंबईत दुधाला चांगला भाव मिळे, गोठ्यापर्यंत मात्र त्यातलं थोडंच पोहोचे. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. आपली सहकारी संस्था काढा, ती मान्य झाली नाही तर दूधच घालू नका, हा त्यांचा सल्ला. समरखा गावात मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि दूध बंद झालं. पंधरा दिवस खेड्याचं दूध मुंबईला गेलं नाही. शेवटी सरकार नमलं. त्रिभुवनदास पटेल संघाचे अध्यक्ष झाले. सुरुवात झाली दोन गावच्या संस्था आणि दिवसाला जेमतेम 250 लिटर दुधावर.

उत्पादनांच्या भागात मुलं लोणी, चीज, आइस्क्रीम यांची यादी देतात. माझ्या मते एकट्या दूध पावडरीवर बोललं तरी पुरे. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात, पण मुंबईची गरज तेवढी वाढत नाही. जास्तीचं दूध घ्यायला कुणी नसेल तर शेतकरी पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात. त्या दुधाची पावडर करून ठेवता आली तर प्रश्न सुटणार होता. पण म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. गरम हवेच्या झोतात दुधाचा बारीक फवारा सोडायचा, पाणी उडून जातं आणि भुकटी खाली बसते. 1955 साली आणंदच्या नव्या कारखान्यात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. त्यानंतर हिवाळ्यातलं दूध नाकारायची वेळ संघावर येईना.

आता मालकी. ती समजून घ्यायची तर सकाळी गावातल्या दूध संस्थेत जाऊन उभं राहावं. किटली घेऊन रांगेत उभी असलेली बाई मालकांपैकी एक असते. तिचं दूध मोजतात, थोडा नमुना काढून फॅट तपासतात आणि हातात पावती देतात. समजा दर आहे एक किलो फॅटला 800 रुपये. तिने पाच लिटर म्हशीचं दूध घातलं, म्हणजे साधारण 5.15 किलो. फॅट लागलं साडेसहा टक्के. दुधात फॅट झालं 335 ग्रॅम, पैसे सुमारे 268 रुपये. तिने त्यात लिटरभर पाणी ओतलं असतं तर दूध सहा लिटर भरलं असतं, पण फॅट तेच 335 ग्रॅम आणि पैसेही तेच. (आता फॅटबरोबर एसएनएफही, म्हणजे दुधातले बाकीचे घनपदार्थही बघतात.)

संस्थेचा शेअर घेऊन, दूध घालून ती सभासद झालेली असते. दहा म्हशी असोत की एक, मत एकच. सभासद गावच्या संस्थेची समिती निवडतात. गावोगावच्या संस्था मिळून जिल्हा संघ चालवतात आणि जिल्हा संघांचा मिळून राज्याचा महासंघ, जो 1973 साली विक्रीसाठी काढला. वर्षाअखेरीस शिल्लक राहते त्यातून बोनस मिळतो, तो शेअरच्या नव्हे तर वर्षभर घातलेल्या दुधाच्या प्रमाणात. म्हणूनच शेअर बाजारात अमूलचा शेअर सापडत नाही. ज्याच्या गोठ्यात जनावर नाही त्याला मालकी विकतच मिळत नाही. कुरियन हे पगारी व्यवस्थापक होते, मालक कधीच नव्हते.

कोल्हापूरच्या गोकुळचा पायाही याच धर्तीचा. गावची संस्था आणि वर जिल्हा संघ असा तो असल्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल.

मांडणीत आणखी एक गोष्ट मुलांनी जरूर घालावी. देशभर अमूलच्या नावाने माल विकतो तो महासंघ, पण 'अमूल' हे नाव आहे आणंदच्या त्या पहिल्या संघाचं. बाकीच्या जिल्ह्यांचं दूध त्याच नावाखाली विकलं जातं.