चूक शोधण्याआधी कॅलेंडर पाहा

घरात गर्भ पडला की चौकशी सुरू होते. भरलेली बादली कोणी उचलायला सांगितली होती? एवढ्या खड्ड्यांतून स्कूटरवर बसून लग्नाला जायची काय गरज होती? पपई तर खाल्ली नव्हती ना? ऑफिसात साहेबांशी वाजलं, ते मनाला लावून घेतलं असेल. सासूबाई विचारतात, शेजारीण विचारते, आणि सगळ्यांत कडक उलटतपासणी ती बाई स्वतःचीच घेते. आरोपी सापडतोही, कारण मागच्या दोन आठवड्यांत बादली, स्कूटर किंवा वादावादी यांपैकी काहीच घडलं नाही अशी बाई सापडणं कठीण.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत 1,084 प्रौढांची एक पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 76 टक्के लोकांनी मनावर ताण आणणाऱ्या प्रसंगाने गर्भपात होतो असं सांगितलं आणि 64 टक्के लोकांनी जड वस्तू उचलण्याला दोष दिला. गर्भपात ही अगदी क्वचित घडणारी गोष्ट आहे, असं निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात दिवस राहिल्याचं कळलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी साधारण दहा ते वीस जणींचा गर्भ टिकत नाही, आणि त्यातले बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. कळायच्या आत, पाळी चार दिवस लांबली एवढ्यावरच संपणारे गर्भ वेगळेच.

खरं कारण शोधायचं तर आधी तारखा मांडाव्या लागतात. समजा, साताऱ्यातल्या एका तिशीतल्या शिक्षिकेची शेवटची पाळी 1 जूनला आली. पाळी नेहमी वेळेवर येणारी. 31 जुलैला ती नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून माहेरी गेली. 2 ऑगस्टला कपड्यांवर तपकिरी डाग दिसला आणि 3 ऑगस्टला सोनोग्राफी झाली. पाळीपासून मोजलं तर त्या दिवशी नऊ आठवडे पूर्ण झाले होते. अशा वेळी गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास असायला हवी. पडद्यावर ती भरली आठ मिलिमीटर, आणि हृदयाचे ठोके नव्हते.

आठ मिलिमीटरचा गर्भ साधारण पावणेसात आठवड्यांचा असतो. म्हणजे वाढ थांबली ती 18 ते 20 जुलैच्या सुमारास. स्कूटर त्यानंतर अकरा-बारा दिवसांनी निघाली.

गर्भाची वाढ थांबली तरी लगेच रक्तस्राव सुरू होत नाही. वारेच्या पेशी काही काळ संप्रेरकं तयार करत राहतात, त्यामुळे मळमळ, छातीचा जडपणा कायम राहू शकतो आणि घरी केलेली लघवीची चाचणीही दोन रेघा दाखवते. पुढे संप्रेरकं उतरतात, गर्भाशयाचं अस्तर सुटू लागतं आणि मग डाग दिसतो. दोष द्यायला निवडलेली घटना बहुतेक वेळा या मधल्या दिवसांतली असते.

अर्थात मोजमापातही चकवा असतो. पाळी अनियमित असेल तर मुळात गर्भधारणाच उशिरा झालेली असू शकते आणि लहान दिसणारा गर्भ अगदी ठणठणीत असतो. म्हणून योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ सात मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असूनही ठोके नसतील, किंवा गर्भपिशवी सरासरी 25 मिलिमीटरची होऊनही आत गर्भच दिसत नसेल, तेव्हाच गर्भपाताचं निदान पक्कं मानतात. त्याहून लहान मापांवर निर्णय घ्यायचा नसतो. आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची असते. 'ठोके आले नाहीत, उद्याच पिशवी साफ करून टाकू' असं कोणी सहाव्या आठवड्यात घाईने सांगितलं, तर दुसऱ्या सोनोग्राफीचा आग्रह धरायला बिलकूल संकोच करू नये.

मग वाढ थांबते कशाने? सुरुवातीच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. आईकडून 23 आणि वडिलांकडून 23 अशी 46 गुणसूत्रं जमायला हवीत. एखादं जास्त आलं किंवा कमी पडलं की पेशींची पुढची वाढ अडखळते. यात सोळाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त येण्याचा प्रकार वारंवार आढळतो. ज्या गर्भाच्या सगळ्या पेशींत ही जास्तीची प्रत आहे, तो जन्मापर्यंत पोचत नाही. ही चूक जवळजवळ नेहमी स्त्रीबीज परिपक्व होताना घडते. दुसऱ्या एका प्रकारात एक एक्स गुणसूत्र तेवढं असतं आणि त्याचा जोडीदार गायब. तिथे बहुतेक वेळा वडिलांकडून यायचं गुणसूत्र आलेलं नसतं. सुनेच्या पोटाकडे बोट दाखवणाऱ्या घरांत ही माहिती क्वचितच पोचते.

स्त्रीची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्ध्यावर ठेवून वर्षानुवर्षं थांबून राहतात. जितकी वर्षं जास्त, तितकी गुणसूत्रांच्या जोड्या नीट न सुटण्याची शक्यता जास्त. नॉर्वेतल्या गर्भधारणांचा जो मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 25 ते 29 वयाच्या स्त्रियांत गर्भपाताचं प्रमाण सर्वांत कमी, शंभरात दहा होतं. पंचेचाळिशीनंतर ते निम्म्यावर गेलं. पपई, बादली, जिना यांचा या हिशेबात कुठेच संबंध येत नाही, कारण गुणसूत्रांची बेरीज गर्भधारणेच्या दिवशीच ठरून गेलेली असते.

धक्क्याची भीतीही शरीररचना पाहिली की कमी होते. सातव्या आठवड्यात गर्भ जेमतेम सेंटिमीटरभर असतो. तो पाण्यात तरंगतो, भोवती गर्भाशयाची जाड स्नायूंची भिंत असते, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आतच बसलेलं असतं. एसटीचे हादरे, जिने चढणं, झाडलोट, योगासनं, शरीरसंबंध यांनी निरोगी गर्भ निसटत नाही. मनाच्या ताणाबाबत काही अभ्यासांत थोडाफार संबंध दिसला आहे. पण गर्भपातानंतर विचारलं की माणसाला आधीचे त्रास जास्त आठवतात, त्यामुळे अशा आकड्यांवर फार भार देता येत नाही. सासू-सुनेची कुरबूर किंवा परीक्षेचे पेपर तपासण्याचा ताण गर्भ पाडतो असं दाखवणारा पुरावा नाही.

मात्र सगळ्याच कष्टांना एका मापाने मोजता येणार नाही. दिवसभर मोळ्या किंवा सिमेंटच्या पाट्या वाहणं आणि घरी एकदा गहू दळून आणणं यांत फरक आहे. रोज मोठी ओझी उचलण्याचं काम आणि आठवड्यात अनेक रात्रपाळ्या यांच्यासोबत गर्भपाताचं प्रमाण काहीसं वाढल्याचं डेन्मार्कमधल्या पाहण्यांत दिसलं आहे. तिथे काम बदलून मागणं योग्यच आहे.

आणि जिथे खरोखर काही करता येतं, तिकडे चौकशी करणाऱ्या घराचं लक्षच नसतं. सिगारेट आणि दारू, ताब्यात नसलेली साखर, बिघडलेलं थायरॉइड ही कारणं तपासता येतात आणि सुधारताही येतात. आपल्याकडे खेडोपाडी दात घासायला मिश्री लावतात, तीही तंबाखूच. गरोदरपणात ती सुटायला हवी. काही स्त्रियांच्या रक्तात गुठळ्या होण्याकडे कल असलेली अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असतात. तो दोष सापडला तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिनच्या इंजेक्शनांनी पुढचं गरोदरपण टिकण्याची शक्यता वाढते. एका गर्भपातानंतर या सगळ्या तपासण्यांची सहसा गरज नसते, दोन झाल्यावर त्या जरूर कराव्यात.

डाग दिसला की गादीला खिळवण्याची पद्धत अजून जोरात आहे. पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचीही मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये रक्तस्राव होत असलेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. सरसकट सगळ्यांना ठोस फायदा झाला नाही. आधी गर्भपात झालेल्या आणि आताही रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांना मात्र काहीसा झाल्यासारखा दिसला.

डाग म्हणजे गर्भपातच, असंही नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींपैकी एकीला थोडंफार रक्त दिसतं आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. तरी डाग दिसल्यावर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. रक्त वाढत असेल, पाळीसारख्या पण अधिक तीव्र कळा येत असतील, गाठी किंवा मांसल तुकडे पडत असतील, तर वाट पाहू नये. मळमळ अचानक थांबली एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही. दहाव्या-बाराव्या आठवड्यात ती आपणहून ओसरते.

काही लक्षणांत तासही दवडू नये. ओटीपोटात एकाच बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाशी कळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चक्कर येऊन पडणं: यामागे गर्भ नलिकेत रुजलेला असू शकतो, आणि नलिका फुटली तर पोटात रक्त साठतं. बाहेर दिसणारं रक्त थोडं आहे म्हणून इथे फसायला होतं. तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील आणि सलग दोन तास तसंच चाललं असेल, किंवा ताप येऊन स्रावाला घाण वास येत असेल, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं. महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका मिळते.

साताऱ्याच्या उदाहरणातल्या शिक्षिकेपुढे आता तीन वाटा असतात. आपोआप सगळं पडून जाण्याची एक-दोन आठवडे वाट पाहणं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेणं, किंवा सक्शनने गर्भाशय रिकामं करणं. रक्तस्राव भरमसाट नसेल आणि ताप नसेल तर निवड तिची असते. रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे तिथेच विचारून घ्यावं. नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली आणि ती तरतूद आजही आहे. डॉक्टरांचा दाखला त्यासाठी जपून ठेवावा.

पुन्हा प्रयत्न करायला सहा महिने थांबा, असा सल्ला अजून ऐकू येतो. स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींत मात्र सहा महिन्यांच्या आत दिवस राहिलेल्यांचे निकाल थांबलेल्यांपेक्षा वाईट नव्हते, उलट काहीसे चांगलेच होते. रक्तस्राव थांबून एक पाळी येऊन गेली की तारखा मोजणं सोपं जातं, म्हणून बरेच डॉक्टर तेवढं थांबायला सांगतात. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र या मधल्या काळातच सुरू करायची असते.