चाचींच्या घराची भेग

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लासुर्णे लागते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, दोन्ही अंगाला ऊस आणि खाली काळी माती. ही माती उसाला चांगली, पण घराला वैरी. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वर घर आहे की गोठा हे ती पाहत नाही.

गावातल्या एका बेवा चाचींचे घर असेच भेगाळले आहे. नाव त्यांनी छापू नका म्हटले. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, मागची दगड-मातीची. मरहूम चाचांनी बांधलेले. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे म्हणणे, पाडा आणि कर्ज काढून स्लॅबचे बांधू. चाचींना व्याजाचा पैसा नको, आणि उमऱ्यासाठी साठवलेल्या रकमेलाही हात लावायचा नाही. शेवटी मुलानेच ओळखीच्या एका तरुण इंजिनिअरला पाठवले. पाडण्याचा सल्ला मिळेल, अशी त्याची खात्री असावी.

इंजिनिअरने आधी भेग पाहिली. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत गेलेली, वर रुंद, खाली अरुंद. अशी भेग म्हणजे कोपरा खाली बसतो आहे. कोपऱ्याशी मोठा लिंब, तो मुळांनी ओल ओढून घेतो. पलीकडच्या बाजूला मोरीचे पाणी पायाशीच मुरते. एकीकडे माती कोरडी, दुसरीकडे कायम ओली. घर मध्ये ताणले जाणारच.

"मग पाडायचं का, बेटा?" चाचींनी विचारले.

"आज नाही सांगत, चाची. भेग जिवंत आहे की मेलेली, ते आधी बघू."

त्याने भेगेवर आडव्या काचेच्या पातळ पट्ट्या दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवल्या आणि शेजारी तारीख लिहिली. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून मधले अंतर मोजले. काच तुटली तर भेग हलते आहे एवढे कळते. किती आणि कोणत्या बाजूला, ते खिळे सांगतात. वैशाखात भेग सहा मिलिमीटर होती. मृगाचा पाऊस झाला, काचा तुटल्या, आणि गणपतीच्या सुमारास भेग दोनवर आली. दुसऱ्या वैशाखात पुन्हा सहाच. सातवर गेली असती तर घर दरसाल खचते आहे असे ठरले असते. ते ऋतूबरोबर श्वास घेत होते, इतकेच. या एका वर्षाच्या थांबण्याला मुलगा वैतागला होता, पण एका भेटीत निकाल देणाऱ्यापेक्षा हा मुलगा आम्हाला अधिक भरवशाचा वाटला.

मागच्या खोलीचा निकाल मात्र वेगळा लागला. ओळंबा सोडल्यावर भिंतीला मध्ये पोट सुटलेले दिसले. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला. दगडाच्या भिंतीला आत-बाहेर दोन थर असतात. त्यांना जोडणारे आरपार लांब दगड नसले की थर सुटतात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत असल्याच भिंती माळवदाच्या ओझ्यासकट माणसांवर कोसळल्या. "ही खोली उतरवायची. इथं झोपू नका," इंजिनिअरने सांगितले. चाचींची खाट त्याच दिवशी पुढे आली.

पुढच्या खोल्यांसाठी त्याने आधी पाणी हाताळले. मोरीचे पाणी पाइपने दूर नेले. घराभोवती पाच फूट रुंद, बाहेर उतरती फरशी केली, म्हणजे पायाजवळची ओल बाराही महिने सारखी राहावी. लिंब तोडू दिला नाही, फक्त फांद्या छाटल्या. झाड एकदम गेले तर कोरडी माती पाणी पिऊन वर उचलते. भेग बुजवायचे काम त्याने आणखी एक पावसाळा जाऊ देऊन करायचे ठरवले: दर चौथ्या थराच्या सांध्यात बारीक सळई घालून चुना-सिमेंटच्या मऊ मसाल्याने. नुसत्या कडक सिमेंटने बुजवली तर भेग शेजारून फुटते. केसाएवढी रेघ तरीही दिसत राहील, हे त्याने लपवले नाही.

मुलाने फोनवर विचारले, नवे घर बांधले तर भेगा नाहीत ना? उत्तर त्याला आवडले नाही. याच मातीवर उथळ पाया घेतला तर नवा स्लॅबही तडकेल. मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागेल, नाहीतर तळाशी कंदासारखे फुगीर केलेले काँक्रीटचे खांब साडेतीन-चार मीटर जमिनीत उतरवावे लागतील. खर्च तिथेच वाढतो.

एक गोष्ट इंजिनिअरच्या कामातली नव्हती, ती चाचींनीच काढली. घर चाचांच्या नावावर आहे. मुले असताना बेवेचा वाटा आठवा. उरलेल्यात मुलाचे दोन भाग, प्रत्येक मुलीचा एक. चाचींना दोन मुली आहेत. जुने पाडून मुलाच्या कर्जाने, मुलाच्या नावे नवे उभे राहिले तर मुलींचा हक्क कुठे शोधायचा? "आधी वाटण्या कागदावर करा, मग काय ते बांधा," त्या म्हणाल्या.

मागची खोली उतरवली आहे. तिचे दगड अंगणात रचून ठेवलेत, मुली ईदला येतील तेव्हा पुढचे बोलणे होईल.